सिन्नरचे १३८ बाटले: वही जुळत होती, तरी माल नव्हता

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका गॅस एजन्सीत स्टॉक आणि चलनांचं काम बघतो. ही हकीकत आमच्याच एजन्सीतली आहे, फक्त नावं काढून टाकलीत. आमच्याकडे आर्गॉन, डीए म्हणजे ॲसिटिलीन, सीओटू सगळंच असतं, पण गोंधळ झाला तो ऑक्सिजनच्या मोठ्या बाटल्यांमध्ये, सात क्युबिक मीटरवाल्या, म्हणून इथे तेवढंच लिहितोय.

पार्श्वभूमी

आमच्या मालकीचे ऑक्सिजनचे बाटले ५२०. ते चार ठिकाणी फिरत असतात: आमचं गोडाऊन, जिथे आम्ही भरून आणतो तो प्लांट, डीलर, आणि अंबड-सातपूरची आमची थेट गिऱ्हाईकं. डीलर तीन आहेत, सिन्नर, ओझर आणि दिंडोरी. त्यांच्याकडून माल पुढे फॅब्रिकेशनवाल्यांकडे, गॅरेजकडे, शेड आणि पॉलीहाऊसची कामं करणाऱ्यांकडे जातो.

धंद्याची रीत साधी. गॅस विकला जातो, बाटला विकला जात नाही, तो परत यायचाच असतो. आयशर भरलेले ३० घेऊन सिन्नरला गेली की तिथून रिकामे ३० उचलून आणायचे, एकास एक. चलनावर "दिले ३०, आले ३०" असं लिहायचं, सही घ्यायची, संध्याकाळी मी ते एक्सेलमध्ये टाकायचो. सिन्नरच्या खात्यावर बॅलन्स होता १३८ आणि तो कित्येक महिने १३८ च होता, कधी १३६ कधी १४०, फिरून परत तिथेच. मला तर ते खातं सगळ्यात चोख वाटायचं आणि मी काकांना, म्हणजे आमच्या मालकांना, तसं सांगितलंही होतं.

सप्टेंबरअखेरचा आमचा हिशोब असा होता: गोडाऊनला ६४ (भरलेले ४१, रिकामे २३), प्लांटला ४८, डीलरांकडे मिळून २७६ (सिन्नर १३८, ओझर ८६, दिंडोरी ५२) आणि थेट गिऱ्हाईकांकडे १३२. बेरीज करा, बरोबर ५२० येते.

अडचण कुठून कळली

एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. सोमवारी प्लांटवरून आमचा ड्रायव्हर, ज्याला आम्ही सगळे मामा म्हणतो, तो ११ बाटले न भरताच परत घेऊन आला. प्लांटवाल्यांनी सांगितलं हे बाटले तुमचे नाहीत, खांद्यावर दुसऱ्यांचा मार्क आहे, त्या मालकाचं पत्र आणा तर भरतो. मी स्वतः जाऊन तारेच्या ब्रशने खांदा घासला, रंगाचे तीन-चार थर निघाल्यावर पंच केलेली अक्षरं दिसली, आणि खरंच, ते आमचे नव्हते. आमच्या २३ रिकाम्यांत ११ परक्यांचे, आणि मी त्यांना महिनोन्महिने आमचे म्हणून मोजत होतो.

बुधवारी सिन्नरच्या डीलरचा फोन. "भाऊ, माझ्याकडे चार बाटले उरलेत, दिवाळीआधीची कामं चालू आहेत, मुसळगावच्या लोकांना काय सांगू?" मी म्हटलं, दादा तुमच्याकडे १३८ बाटले आहेत. ते म्हणाले, "असतील रे तुझ्या वहीत, माझ्या दुकानात चार आहेत."

दोघंही खरं बोलत होतो. माझा १३८ हा आकडा फक्त एवढंच सांगत होता की आजवर दिलेले वजा आलेले इतके. त्यातले किती भरलेले, किती रिकामे पडलेत, किती गिऱ्हाईकांकडे अडकलेत आणि किती खरंच आमचे आहेत, यातलं काहीच त्या आकड्यात नव्हतं. आणि एकास एक या पद्धतीमुळे तो हलतच नव्हता. जेवढे दिले तेवढेच उचलले तर बॅलन्स कायम तोच राहणार, मग खाली काही का होईना. मी न हलणाऱ्या आकड्याला चोख समजत होतो, आणि इथेच माझी चूक झाली.

मोजणी

पहिला निर्णय मोजणीचा. काकांचं म्हणणं होतं आज सिन्नर मोजून घे, ओझर पुढच्या आठवड्यात. मी अडून बसलो की सगळी ठिकाणं एकाच दिवशी मोजायची आणि त्या दिवशी गाडी हलवायची नाही. कारण बाटले फिरते आहेत, आज सिन्नरला मोजलेला बाटला चार दिवसांनी ओझरला परत मोजला जाऊ शकतो. रविवार ठरवला. मी सिन्नरला गेलो, काकांचा मुलगा ओझर आणि दिंडोरी करून आला, प्लांटकडून त्यांचं होल्डिंग स्टेटमेंट, म्हणजे आमचे किती बाटले त्यांच्याकडे आहेत त्याचा कागद, मागवलं.

ओझर-दिंडोरी एखाद-दुसऱ्या नगाच्या फरकाने जुळले, ते सोडून देतो. सिन्नरचं सांगतो.

दुकानाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये बाटले उभे होते, भरलेले-रिकामे एकत्रच. खरं तर दोन्ही वेगळे ठेवायचे असतात आणि वर पाटी हवी, नियमही तोच आहे. भरलेला ओळखायचा तर व्हॉल्व्हवरचं सील बघायचं. उचलून कळेल असं समजू नका, सात क्युबिकमध्ये ऑक्सिजन असतो नऊ किलोच्या आसपास आणि लोखंड त्याच्या कितीतरी पट, हाताला फारसा फरक लागत नाही. सील तुटलेले पण अर्धवट वापरलेले तीन निघाले, ते कशात धरायचे यावर पाच मिनिटं चर्चा झाली. शेवटी ठरलं की सील तुटलं की रिकामा, मधली तिसरी जात नको.

मोजून आले: भरलेले ४, रिकामे ५१. म्हणजे फोनवर माल नाही म्हणून ओरडणाऱ्या माणसाच्या शेडमध्ये ५१ रिकामे पडून होते! मी विचारलं दादा हे पाठवले का नाहीत, तर ते म्हणाले, "तुझा मामा ३० आणतो आणि ३० च उचलतो. आणि मी जास्तीचे दिले तर माझा बॅलन्स कमी होईल, मग सीझनला तू मला तेवढे देशील याची काय गॅरंटी? हे माझ्या अंगणात आहेत तोवर माझे."

हे ऐकून मी गप्प झालो. डीलर रिकामे बाटले तारण म्हणून धरून बसला होता, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर चूक काहीच नाही. गेल्या वर्षी टंचाईत आम्ही त्याला खरंच कमी दिले होते.

मग त्यांच्या डायरीवरून गिऱ्हाईकांकडचे काढले, ६२ निघाले. एकूण ११७. वहीत १३८. २१ कमी. आणि त्या ५१ रिकाम्यांपैकी १४ च्या खांद्यावर परका मार्क. म्हणजे सोमवारचे ११ आणि हे १४ मिळून २५ परके बाटले आमच्या हिशोबात बसले होते, त्यांच्या जागचे आमचे २५ दुसऱ्या कुणाच्या तरी शेडमध्ये होते.

२१ चा शोध

इथे दुसरा निर्णय. काका चिडले होते आणि त्यांना सोमवारीच सिन्नरला २१ बाटल्यांचं बिल पाठवायचं होतं. मी एक आठवडा मागून घेतला, कारण माझ्या नोंदींवर माझाच विश्वास उरला नव्हता.

प्लांटचं स्टेटमेंट आलं, त्यात आमचे ५७. माझ्याकडे ४८. नऊचा फरक. जुनी चलनं काढल्यावर सापडलं की ऑगस्टमध्ये एकदा मामांनी सिन्नरहून ९ जास्तीचे रिकामे परस्पर प्लांटला टाकले होते, अंबडला यायचा हेलपाटा वाचावा म्हणून. प्लांटची पावती होती, मामांच्या डॅशबोर्डमध्ये. ना ती प्लांटच्या खात्यात चढली ना डीलरच्या खात्यातून उतरली.

दुसरी गोष्ट तर वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होती. थेट गिऱ्हाईकांमध्ये "कॅश पार्टी" नावाचं एक खातं आहे, काउंटरवर येऊन लगेच बदलून नेणाऱ्यांचं. त्याचा बॅलन्स होता उणे ७. आता बाटल्यांचा बॅलन्स उणे कसा असेल, जो माणूस आपल्याला दिल्यापेक्षा जास्त परत करतो तो कुणाचे तरी दुसऱ्याचे आणून टाकतोय. झालं होतं असं की सिन्नरच्या डीलरचं एक गिऱ्हाईक अंबडला कामाला यायचं, येताना त्यांच्याकडचे रिकामे आमच्या गोडाऊनला टाकून जायचं, आणि आम्ही ते कॅश पार्टीला जमा करायचो. ते ७ सिन्नरच्या खात्यात जमा व्हायला हवे होते.

९ आणि ७, सोळा झाले. उरलेल्या ५ चा पत्ता डीलरनेच सांगितला, एक फॅब्रिकेशनवाला रात्रीतून शेड रिकामी करून गेला होता, त्याच्याकडे ५ होते. ते गेले. म्हणजे २१ पैकी १६ ची चूक आमची होती आणि ५ चं नुकसान त्यांचं. सोमवारी बिल पाठवलं असतं तर संबंध तर तुटलाच असता, वर आम्ही खोटे पडलो असतो.

कोणते पर्याय होते

बारकोड स्टिकर आणि मोबाईल ॲप हा पहिला पर्याय, एक कंपनी डेमोही देऊन गेली. आम्ही दहा बाटल्यांवर स्टिकर लावून बघितले. बाटला जमिनीवर तिरका करून बुडावर गोल फिरवत नेतात, गाडीत एकमेकांवर घासतात, उन्हात तापतात. तीन आठवड्यांत दहापैकी सहा वाचता येईनात. मानेत अडकवायची धातूची टॅग रिंग जास्त टिकते, पण ५२० नगांचा खर्च आणि प्रत्येक डीलरकडे स्कॅनर हे आत्ता आमच्या आवाक्यात नव्हतं. चार-पाच हजार बाटले असते तर मी तोच मार्ग घेतला असता.

डिपॉझिट दुसरा. डीलर देत नाहीत, शेजारचा विनाडिपॉझिट देतो, विषय संपतो.

तीस दिवसांनंतर भाडं हा तिसरा. ऐकायला बरोबर आहे, पण भाडं लावायचं तर कोणता बाटला कधी गेला हे नंबरवार माहीत पाहिजे. नुसत्या नगांवर भाडं लावलं की भांडण ठरलेलं, कारण डीलर म्हणणार माझे सगळे बाटले कालचेच आहेत, आणि आपल्याकडे पुरावा नाही.

म्हणून आम्ही चौथा घेतला: चलनच बदलायचं, डीलरला ठरलेला कोटा लिहून द्यायचा आणि बाटल्यांवर आपला नंबर रंगवायचा.

काय केलं

आधी कोटा. सिन्नरला लेखी दिलं की तुमचा कोटा ११०. रिकामे सगळे उचलणार, एकास एक बंद, आणि कोट्यापर्यंतचे भरलेले पोचवायची जबाबदारी आमची. दोन खेपांत ५१ रिकामे उचलले, खात्यावर राहिले ६६ (४ भरलेले, ६२ गिऱ्हाईकांकडे), आणि त्याच आठवड्यात ४४ भरलेले टाकले. ११० झाले. कोट्याचा शब्द पहिल्याच आठवड्यात पाळला गेला म्हणून पुढचं सगळं सोपं गेलं, नाहीतर डीलरने रिकामे परत दाबले असते.

मग चलन. आता त्याच्यावर आधीचा बॅलन्स, आज दिलेले, आज आलेले आणि नवा बॅलन्स हे चार आकडे असतात, डीलर नव्या बॅलन्सवर सही करतो. म्हणजे महिनाअखेरीला वेगळं कन्फर्मेशन मागायला नको, प्रत्येक फेरीलाच होतं. एक्सेलमध्ये `F` कॉलममध्ये बॅलन्स, `D` मध्ये दिलेले, `E` मध्ये आलेले, एवढंच:

```
=F2+D3-E3
```

त्याखाली मामा आणखी दोन आकडे लिहितात, तिथे उभं राहून मोजून: दुकानात भरलेले किती आणि रिकामे किती. रिकामे उचलल्यानंतर जे राहतात ते. बॅलन्समधून हे दोन वजा केले की तिसरा आकडा आपोआप मिळतो, गिऱ्हाईकांकडचे. हा तिसरा आकडा डीलरला विचारायचा नाही, तो काढायचा. भरलेले कमी झाले तर गाडी पाठवायची, रिकामे वाढले तर उचलायचे, आणि तिसरा वाढला पण विक्री तेवढीच असेल तर कुठेतरी बाटले अडकलेत.

शेवटी नंबर. मूळ सिरीयल नंबर आणि टेस्टची तारीख खांद्यावर पंच केलेली असतेच, पण रंगाखाली वाचता येत नाही. ऑक्सिजनचा बाटला काळा, त्यामुळे पांढऱ्या ऑइलपेंटने स्टेन्सिल करून आमचं चिन्ह आणि १ ते ५२० मधला नंबर बॉडीवर टाकायचा ठरवलं. फक्त रंग, बॉडीवर पंच मारायचा नाही, तिथे पत्र्याला जखम करणं धोक्याचं आहे. जो बाटला गोडाऊनला येईल तो घासायचा, मूळ नंबर खरेदीच्या कागदांशी जुळवायचा, हायड्रोटेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीची, तारीख बघायची (ऑक्सिजनला पाच वर्षांनी लागते), मग स्टेन्सिल. रिकामे उतरवताना हमालाला एकच सूचना, पांढरा नंबर नसलेला बाटला वेगळा उभा करायचा आणि मला हाक मारायची. घासून तो परका निघाला तर त्यासाठी वहीत स्वतंत्र पान आहे, तो आमच्या बॅलन्समध्ये येतच नाही.

नंबर नोंदवायचे फक्त जाताना, गोडाऊनला, जिथे उजेड आहे आणि वेळ आहे. संध्याकाळी सात वाजता सिन्नरच्या शेडमध्ये मामांनी ३० नंबर वाचून लिहावेत ही अपेक्षाच चूक, दोन दिवस लिहितात, तिसऱ्या दिवशी मनाचे लिहितात.

काय झालं

पाच बाटल्यांसाठी काकांनी नगाला आठ हजार धरले होते, म्हणजे चाळीस हजार. बाटले जुने होते, शिवाय १६ ची चूक आमची निघाली होती, म्हणून वीस हजारांवर मिटलं, चार महिन्यांत पाच-पाच हजार. डीलरने ते दिले.

२५ परक्यांपैकी १७ ची अदलाबदल झाली, दोन एजन्सींकडे आमचे पडलेलेच होते, त्यांनाही त्यांचे हवे होते. ८ चा मालक सापडला पण त्याच्याकडे आमचे अजून निघालेले नाहीत, ते आम्ही भरत नाही, कोपऱ्यात साखळी लावून उभे आहेत.

तिसऱ्या आकड्याचा उपयोग डिसेंबरात दिसला. मामांच्या चलनावर सिन्नरला भरलेले १४, रिकामे १८ (त्या दिवशी गाडीत जागा नव्हती), बॅलन्स ११०, म्हणजे गिऱ्हाईकांकडे ७८. ऑक्टोबरात तो ६२ होता आणि आठवड्याची विक्री मात्र तीसच्या आतच. मी फोन केला, दादांनी डायरी बघितली, एका शेडच्या साईटवर काम संपून महिना झाला होता आणि १२ बाटले तिथेच गवतात आडवे पडलेले, दोघांच्या कॅप गायब. दुसऱ्या दिवशी उचलून आणले. जुन्या पद्धतीत ते १२ पुढच्या मोजणीपर्यंत तिथेच राहिले असते, किंवा मागच्या पाचांसारखे गेले असते.

आता वेगळं काय केलं असतं

उणे ७ दिसला त्या दिवशी थांबायला हवं होतं. आता शीटमध्ये कोणताही बॅलन्स शून्याखाली गेला की तो रकाना लाल होतो आणि मी त्या दिवशीचं काम बंद करून आधी तो शोधतो.

प्लांटचं स्टेटमेंट दर महिन्याला मागवायला हवं होतं. आम्ही प्लांटला आपलंच समजून त्याचा बॅलन्स कधी पडताळला नाही, डीलरकडे मात्र संशयाने बघितलं. बाटला जिथे जिथे आपल्या नजरेआड असतो ते प्रत्येक ठिकाण खात्याच्या दृष्टीने सारखंच धरायला पाहिजे.

स्टेन्सिलचं काम आम्ही दिवाळीच्या गर्दीत सुरू केलं, तेही चुकलं. घाईत सुरुवातीच्या चाळीसेक बाटल्यांचे मूळ नंबर नीट न वाचता रंगवले गेले आणि त्यातले काही परत घासावे लागले. पावसाळ्यात मागणी कमी असते, तेव्हा बाटले गोडाऊनला जास्त असतात, ते काम तेव्हाचं.

आणि मोजणीला जाण्याआधी मी डीलरला "२५-३० कमी वाटतायत" असं फोनवर बोलून गेलो होतो, ते बोलायला नको होतं. पहिला तासभर ते डायरी दाखवायलाच तयार नव्हते.

आजची स्थिती अशी: ५२० पैकी ५ गेले, ८ दुसऱ्याकडे अडकलेत, राहिले ५०७. त्यातल्या ४८८ वर पांढरा नंबर पडलाय. १९ बाटले असे होते जे चार महिन्यांत एकदाही गोडाऊनला आले नाहीत, त्यांच्या मूळ नंबरांची यादी मी चलनाच्या टेबलावर भिंतीला चिकटवली आहे. गेल्या गुरुवारी ओझरच्या गाडीतून गंजलेल्या कॅपचा एक उतरला, घासला, नंबर यादीतला निघाला. हमालाने हाक मारली, मी पेन घेऊन उठलो. आता १८ राहिलेत.